‘गेमिंग चालेल का?’च्या पुढचे प्रश्न

जुलै-ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ‘कॅप’ फेऱ्या सुरू झाल्या की पुण्यातल्या, सांगली-कोल्हापुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एकच संवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. वडील विचारतात, ‘मुलाला इंजिनिअरिंगला चालेल ना?’ दुकानदार म्हणतो, ‘आरामात.’ मुलगा जरा खालच्या आवाजात विचारतो, ‘आणि गेमिंग?’ ‘पळेल!’ दोन्ही उत्तरं खोटी नसतात. पण त्यांचा उपयोगही नसतो, कारण प्रश्नच असा आहे की त्याला ‘नाही’ म्हणणारा दुकानदार मिळणं अवघड.

यावर उपाय म्हणजे दुकानात जाण्याआधी एक छोटा ईमेल. त्यातला प्रत्येक प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एखादा आकडा, एखादा फोटो किंवा स्पष्ट हो-नाही एवढंच असू शकेल. सीझनच्या गर्दीत फोनवर दुकानदार घाईत बोलतो आणि बोललेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. ईमेल तो दुपारी गिऱ्हाईक कमी असताना वाचतो, स्वतःला माहीत नसेल ते डिस्ट्रिब्युटरला विचारतो, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे लेखी राहतं.

आधी घरातली एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. पहिल्या वर्षाला सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्राम, थोडं ऑटोकॅड, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन यापलीकडे फारसं काही नसतं. ते साध्या लॅपटॉपवरही होतं. मेकॅनिकलच्या मुलाला पुढे सॉलिडवर्क्स, अन्सिस लागतं, आणि सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, म्हणून विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा हे ठरलं. पण महागडं ग्राफिक्स कार्ड मुख्यतः खेळांसाठी घेतलं जातं. सॉलिडवर्क्सच्या अधिकृत मान्यताप्राप्त कार्डांच्या यादीत वर्कस्टेशनची कार्डं असतात, गेमिंगची नसतात. विद्यार्थ्याची पन्नास-शंभर भागांची असेंब्ली गेमिंग कार्डावर व्यवस्थित फिरते, पण ‘इंजिनिअरिंगला लागतंच’ हे वडिलांना सांगितलेलं कारण अर्धंच खरं असतं. पैसे खेळासाठी जास्त जाणार असतील, तर ते खेळासाठी तरी नीट लागावेत.

आता दुकानातून व्हॉट्सॲपवर येणारं कोटेशन पाहू. ‘आय फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी, आरटीएक्स ४०५०, १४४ हर्ट्‌झ.’ एका ओळीत सगळं आलं असं वाटतं. पण यातला सर्वात महाग भाग म्हणजे आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स कार्ड, आणि त्याबद्दलची सर्वात महत्त्वाची माहिती या ओळीत नाहीच. ती म्हणजे वॅट.

ग्राफिक्सची चिप एनव्हिडिया बनवते. पण तिला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. लॅपटॉपमधल्या ४०५० साठी एनव्हिडियाने दिलेली मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत आहे. त्याच्या वरच्या ४०६० साठीही तीच. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये पंखे छोटे असतात, उष्णता बाहेर काढायला जागा कमी असते, म्हणून कंपनी वीज कमी देते. जाड लॅपटॉपमध्ये पूर्ण देते. दोन्हींच्या खोक्यावर नाव मात्र तेच छापलेलं असतं. त्यामुळे जेमतेम वीज मिळणारं ४०६० पूर्ण वीज मिळणाऱ्या ४०५० च्या मागे पडू शकतं, आणि गिऱ्हाईक त्यासाठी दहा हजार रुपये जास्त मोजून आलेलं असतं. पूर्वी कमी विजेच्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ अशी शेपटी असायची, तेवढा तरी इशारा मिळायचा. २०२१ मध्ये आलेल्या ३० मालिकेपासून ती शेपटी गेली. लॅपटॉप कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर वॅटचा आकडा द्यावा, असं तेव्हा एनव्हिडियाने सांगितलं. काही कंपन्या तो बारीक अक्षरांत देतात, पण दुकानाच्या फलकावर तो क्वचितच दिसतो.

दुकानदाराला हा आकडा माहीत असेलच असं नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. म्हणून याच प्रश्नाला एक जोडप्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर कोणीही वाचून सांगू शकेल: चार्जरवर काय छापलं आहे? चार्जरच्या पोटावर ‘आउटपुट’ म्हणून व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट गुणिले ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट. २० गुणिले ६ म्हणजे १२०. अकरावीच्या फिजिक्समधलं हे गणित इथे थेट पैशांवर येतं. खेळताना प्रोसेसर साधारण ३५ ते ४५ वॅट घेतो, पडदा, पंखे, रॅम वगैरे मिळून पंधरा-वीस. चार्जरमधून हे वजा केलं की ग्राफिक्सला जास्तीत जास्त किती उरतं ते कळतं. १२० वॅटच्या चार्जरवर ११५ वॅटचं कार्ड पूर्ण ताकदीने चालूच शकत नाही, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो.

समजा, तासगावच्या एका मुलाला पुण्यात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आहे आणि बजेट ८५,००० रुपये आहे. त्याचा ईमेल असा असावा.

विषय: आरटीएक्स ४०५० लॅपटॉप, बजेट ८५,०००, येत्या शनिवारपर्यंत खरेदी

नमस्कार,

माझा प्रवेश पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला झाला आहे. आपण व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलेला आरटीएक्स ४०५० चा लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. कॉलेजचं काम आणि गेमिंग असे दोन्ही उपयोग आहेत. पुढील माहिती मिळाल्यास शनिवारी वडिलांसह येऊन खरेदी करीन. उत्तर फक्त क्रमांक घालून थोडक्यात दिलं तरी चालेल.

१. खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठवता येईल का? पूर्ण मॉडेल कोड, एमआरपी आणि उत्पादनाचा महिना दिसावा. सीरियल नंबर झाकला तरी चालेल.

२. ग्राफिक्स कार्डाची कमाल पॉवर किती वॅट आहे? माहीत नसल्यास चार्जरवर ‘आउटपुट’पुढे किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहेत?

३. १६ जीबी रॅम ही एक स्टिक आहे की ८ च्या दोन? एकूण स्लॉट किती, रिकामे किती? मदरबोर्डवर सोल्डर केलेली रॅम आहे का?

४. पडद्याची ब्राइटनेस किती निट्स आणि रंगांची क्षमता किती टक्के एसआरजीबी किंवा एनटीएससी?

५. वॉरंटी किती वर्षांची? ऑनसाइट असल्यास इंजिनिअर पुण्यातल्या हॉस्टेलवर येईल का? वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होईल का?

६. सुरुवातीच्या दिवसांत बिघाड निघाल्यास पीस बदलून कोण देतं, आपण की कंपनी? किती दिवसांत?

७. सीरियल नंबर असलेल्या जीएसटी बिलासह अंतिम किंमत किती? कार्डने दिल्यास काही जादा लागतं का?

आपला,
(नाव, मोबाइल नंबर)

सातच प्रश्न. वीस प्रश्नांचा ईमेल पाठवणाऱ्याला दुकानदार ‘हा घेणार नाही’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि त्याचं फारसं चुकतही नाही. विषयात बजेट आणि वार आहे, म्हणजे हे गिऱ्हाईक गंभीर आहे हे ईमेल न उघडताही कळतं. प्रोसेसरबद्दल काही विचारलेलं नाही, कारण पूर्ण मॉडेल कोड मिळाला की तो कंपनीच्या साइटवर सापडतो. एकाच मालिकेच्या नावाखाली कित्येक वेगवेगळे लॅपटॉप विकले जातात. नाव तेच, पडदा वेगळा, बॅटरी वेगळी. त्यांना वेगळं ओळखायचं ते या लांबलचक कोडनेच. उत्पादनाचा महिना आणि एमआरपी खोक्यावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तो फोटो देण्यात दुकानदाराला अडचण असायचं कारण नाही. माल दीड वर्ष गोडाऊनमध्ये पडून होता का, हेही त्यातून दिसतं.

आता उत्तर काय येईल ते पाहू. बहुतेक दुकानदार प्रामाणिक पण घाईत असतात, म्हणून उत्तर साधारण असं असेल: फोटो जोडला आहे. कार्ड फुल पॉवर आहे, चार्जर २० व्होल्ट ६.७५ अँपिअर. रॅम १६ ची एक स्टिक, एक स्लॉट रिकामा. पडदा एकदम मस्त, कलर चांगले. एक वर्ष ऑनसाइट, ऑल इंडिया. बॉक्स उघडल्यावर कंपनी बघते. किंमत ८२,५००, कार्डवर दोन टक्के.

‘फुल पॉवर’ हे उत्तर नाही, पण त्याच ओळीत खरं उत्तर आलेलं आहे. २० गुणिले ६.७५ म्हणजे १३५ वॅट. त्यातून प्रोसेसरचे ४५ आणि बाकीचे १५ वजा केले तर ग्राफिक्सला ७५ वॅटच्या आसपास उरतात. म्हणजे हा ११५ वॅटचा लॅपटॉप नव्हे.

मग सोडून द्यायचा का? इथे घाईने निर्णय घेऊ नये. वीज एक तृतीयांश कमी झाली म्हणून वेग एक तृतीयांश कमी होत नाही. चिपला वरचे वॅट दिले की त्यातून मिळणारा वेग हळूहळू आटत जातो. ४०५० आणि ४०६० मध्ये तर साधारण १०० वॅटच्या पुढे हाती फारसं काही लागत नाही, त्यामुळे कोणी ‘१४० वॅट’ म्हणून जादा पैसे मागत असेल तर भुलू नये. ७५ वॅटवरचं ४०५० फुल एचडी पडद्यावर बहुतेक खेळ मध्यम-उच्च सेटिंगला नीट चालवतं. खरी घसरण ५० च्या खाली सुरू होते.

याच मुलाला दुसऱ्या दुकानातून ९२,००० रुपयांचा पातळ, देखणा, ४०६० चा लॅपटॉप सुचवला गेला आहे असं धरू. त्याच्या चार्जरवर २० व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट. तेच गणित केलं, प्रोसेसरला ३५ वॅटवर दाबून ठेवलं, तरी ग्राफिक्सला ५० वॅटच उरतात. ४०६० ला ८ जीबीची स्वतःची मेमरी मिळते, ४०५० ला ६ जीबी, आणि नव्या खेळांत हा फरक जाणवतो हे खरं. तरी साडेनऊ हजार जास्त देऊन वरच्या नावाचं उपाशी कार्ड घेण्यात मला अर्थ वाटत नाही. हलकेपणा हवा असेल तर गोष्ट वेगळी. जाड गेमिंग लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर मिळून वजन तीन किलोपर्यंत जातं, आणि हे ओझं रोज सिटी बसमधून न्यायचं असतं.

काही कंपन्या कमी पडणारी वीज बॅटरीतून घेतात. चार्जर लावलेला असूनही खेळताना बॅटरीची टक्केवारी घटू लागली, तर समजावं की चार्जर अपुरा पडतोय. हे दुकानात दिसत नाही, तासभर खेळल्यावर दिसतं. म्हणून गणित आधी करायचं.

रॅमचं उत्तर सरळ आहे आणि चांगलंही आहे. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन रस्ते मिळतात, एकच असली तर एक. सोळा जीबीची एकच स्टिक असेल तर बऱ्याच खेळांत फ्रेम्स कमी मिळतात, अधूनमधून अडखळल्यासारखं होतं, आणि मुलाला वाटतं ग्राफिक्स कार्डच कमजोर आहे. इथे एक स्लॉट रिकामा आहे, म्हणजे दुसरी १६ ची स्टिक पुढे बसवता येईल. तिसऱ्या वर्षी अन्सिसमध्ये बारीक जाळीचं मॉडेल घेतलं की ३२ जीबी उपयोगाला येतातच. सोल्डर केलेली रॅम असती तर हा मार्ग बंद झाला असता. दुकानदार ‘आत्ताच टाकून देतो’ म्हणेल. चालेल, पण त्या स्टिकची वॉरंटी लॅपटॉपच्या कंपनीची नसते, स्टिक बनवणाऱ्याची असते, म्हणून ती बिलात वेगळ्या ओळीत हवी. आणि मागचं झाकण दुकानात उघडलं तर लॅपटॉपच्या वॉरंटीला धक्का लागत नाही ना, हे लेखी हवं. काही कंपन्यांना चालतं, काहींना नाही.

पडद्याबद्दल ‘मस्त’ म्हणजे माहीत नाही. फोटोतला कोड कंपनीच्या साइटवर टाकल्यावर या किमतीत बऱ्याचदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसतं, म्हणजे साठ-पासष्ट टक्के एसआरजीबी. रंग फिके, लाल रंग विटकरी वाटतो. १४४ हर्ट्‌झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो, त्याचा रंगांशी काही संबंध नाही. सॉलिडवर्क्सला राखाडी भाग दाखवायला एवढं पुरतं. मुलगा फोटो-व्हिडिओ एडिटिंग करणारा असेल तर मात्र याच कारणासाठी दुसरा लॅपटॉप बघावा.

सर्वात फसवं उत्तर वॉरंटीचं आहे. ‘ऑल इंडिया’ म्हणजे कुठल्याही शहरातल्या सर्व्हिस सेंटरला नेता येईल. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येईल. या दोन वेगळ्या गोष्टी दुकानदाराने एका ओळीत गुंफल्या आहेत. शिवाय काही कंपन्यांच्या नोंदीत वॉरंटी माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून सुरू झालेली दिसते, आणि बिल अपलोड केल्यावर ती पुढे सरकते. बिल नसेल किंवा बिलावर सीरियल नंबर नसेल, तर ती सरकत नाही आणि चार-सहा महिने असेच जातात.

‘बॉक्स उघडल्यावर कंपनी बघते’ हेही बाजारातलं ठरलेलं वाक्य. प्रत्यक्षात कंपनीचा इंजिनिअर तपासून बिघाडाचा दाखला देतो आणि मग बदली मिळते, त्यामुळे दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, लिहिलेली नसेल तर तीस दिवस. कायद्याचं कलम पहिल्याच ईमेलमध्ये घालून दुकानदाराला बिथरवायचं कारण नाही. दिवसांचा आकडा मागितला की पुरे.

म्हणून दुसरा ईमेल, तीन ओळींचा. ‘उत्तराबद्दल आभार. तीन गोष्टी राहिल्या: ऑनसाइट सेवा हॉस्टेलच्या पत्त्यावर मिळेल का, हो की नाही? बदलीसाठी मुदत किती दिवस? १६ जीबीची दुसरी स्टिक, कोणत्या कंपनीची, किती रुपयांना, आणि झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही ना? यूपीआयने पैसे देणार आहे, त्यामुळे दोन टक्के लागू नयेत असं धरतो.’ याला स्पष्ट उत्तर आलं तर शनिवारी जावं. ‘या दुकानात, बसून बोलू’ एवढंच आलं तर दुसऱ्या दुकानदाराला तोच पहिला ईमेल पाठवावा.

दुकानात खोकं आपल्यासमोर फोडायला सांगावं आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. खोक्यावरचा कोड, लॅपटॉपच्या पोटावरचा कोड आणि बिलावरचा कोड एकच आहे का ते पाहावं. विंडोज पहिल्यांदा सुरू व्हायला अर्धा तास लागतो. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला तेवढा वेळ नसतो, म्हणून सकाळी दुकान उघडताच जावं. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की `Slots used: 1 of 2` असं दिसतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की `Maximum Graphics Power` पुढे वॅटचा आकडा असतो. तो आपल्या वजाबाकीशी ताडून पाहावा. थोडा जास्त दिसला तर घाबरायचं नाही, कारण प्रोसेसर निवांत असताना कंपन्या त्याची वीज तात्पुरती ग्राफिक्सकडे वळवतात.

शोकेसमध्ये ठेवलेला पीस नवा म्हणून दिला जात असल्याची शंका आली, तर टर्मिनल उघडून ही कमांड द्यावी:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे नव्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ सारखे असतात. `CYCLE COUNT` पुढे वीस-तीस दिसले, तर हा लॅपटॉप काही आठवडे कुठेतरी चालू होता. कधी कधी ती जागा रिकामी असते, मग त्याखालची वापराच्या तारखांची यादी पाहावी.

पैसे दिल्यावर, त्याच संध्याकाळी, कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहावं. बिलाच्या तारखेपासून पूर्ण वर्ष भरत नसेल, तर बिलाची प्रत जोडून कंपनीला दुरुस्तीची विनंती लगेच पाठवावी.